व्हायरल पोस्टनंतरचे अठरा डबे: एका घरगुती शेफचं प्रकरण

ज्या घरगुती शेफचं हे प्रकरण आहे, तिची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत. ती एकच पदार्थ विकते: सारण भरून भाजलेले पाव, सहा पावांचा एक डबा. आठवड्यातले चार दिवस काम आणि दिवसाला साधारण 10 डबे. गिऱ्हाईक ओळखीचं, नाहीतर ओळखीच्यांच्या ओळखीचं. सारण आदल्या संध्याकाळी शिजवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी पीठ मळायचं, भरायचं, फुगू द्यायचं, भाजायचं. दुपारी लोक येऊन डबे घेऊन जातात. नोंदणी, स्वच्छता, हिशेबाची वही, सगळं जागच्या जागी होतं. नव्हती ती फक्त गर्दीची सवय.

मग बरेच फॉलोअर असलेल्या एकाने ते पाव तोडतानाचा छोटा व्हिडिओ टाकला. तिला विचारलं नव्हतं, पण हेतू चांगलाच होता. कॅप्शनमध्ये तीन गोष्टी होत्या: तिचा व्हॉट्सॲप नंबर, 'रोज ताजे मिळतात' आणि 'कुठेही पाठवतात'. यातला नंबर तेवढा खरा होता. ती रोज करत नव्हती आणि कुठेही पाठवत नव्हती. संध्याकाळी फोन वाजायला लागला तो रात्री चार्जरवर असतानाही थांबला नाही.

पहिल्या रात्री तिने जे केलं ते नव्वद टक्के लोक करतील. वरून सुरुवात करून एकेकाला उत्तर देत बसली. 'शनिवारी मिळतील का?' 'हो, मिळतील.' 'दोन डबे?' 'हो.' माणूस मनापासून काहीतरी मागतोय आणि आपल्याला ते द्यायचंय, मग नाही कशाला म्हणायचं? झोपायला जाईपर्यंत तिने येत्या शनिवारसाठी 64 जणांना शब्द दिला होता. डबे मोजले तर नव्वदच्या आसपास. पैसे एकाचेही घेतलेले नव्हते.

इथे व्हॉट्सॲपच्या यादीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. जो शेवटी लिहितो तो वर येतो. ज्याने सगळ्यात आधी विचारलं तो तळाला जातो आणि सकाळपर्यंत दिसेनासा होतो. त्यात तुम्ही उत्तर दिलं की समोरचा गप्प बसत नाही. 'किती तिखट?', 'बहिणीसाठी पण एक', 'पत्ता पाठवा', 'ओके', 'धन्यवाद'. एका उत्तराला दोन-तीन नवे मेसेज येतात आणि तो माणूस पुन्हा वर चढतो. म्हणजे एकेकाला उत्तर देऊन ढीग कमी होत नाही, वाढतो. हे तिला पहाटे कळलं, तेव्हा न वाचलेल्यांचा आकडा झोपताना होता त्याहून मोठा झाला होता.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती दोन गोष्टी करायच्या बेतात होती: दुसरा फ्रिज घ्यायचा आणि मदतीला दोघींना बोलवायचं. मी दोन्ही थांबवायला सांगितलं. तिला ते आवडलं नाही. पण आपल्याला नक्की किती माल काढता येतो हे माहीत नसताना माल वाढवायला जाणं म्हणजे न मोजता कापड फाडणं.

आधी नवा शब्द बंद

सकाळचं पहिलं काम एकच होतं: आणखी एकही 'हो' जाऊ द्यायचा नाही. ती साधं व्हॉट्सॲप वापरत होती. एकच नंबर दोन्ही ॲपमध्ये एकाच वेळी चालत नाही, म्हणून आधी बॅकअप घेऊन तोच नंबर व्हॉट्सॲप बिझनेसवर नेला. या फुकटच्या ॲपमध्ये अशा वेळी उपयोगी पडणाऱ्या तीन सोयी आहेत. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला आपोआप जाणारा स्वागत-संदेश, ठरवलेल्या वेळात जाणारा गैरहजेरीचा संदेश, आणि चॅटला लावायची रंगीत लेबलं. स्वागत-संदेश आम्ही असा लिहिला:

'नमस्कार. व्हिडिओ पाहून खूप लोकांनी विचारलंय, मनापासून आभार. मी घरी एकटी करते, आठवड्यातले चार दिवस, आणि डबे मोजकेच असतात. पाठवण्याची सोय नाही, येऊन न्यावे लागतात. पुढच्या तारखा उद्या संध्याकाळी या फॉर्मवर उघडतील. फॉर्म भरला म्हणजे डबा पक्का झाला असं नाही. माझा मेसेज आला की पक्का. इथे लिहिलेल्या ऑर्डर मी घेऊ शकणार नाही.'

शेवटचं वाक्य लिहिताना ती अडखळली. उद्धट वाटेल म्हणाली. पण तेच वाक्य काम करतं. ते नसेल तर लोक सगळा मेसेज वाचून खाली 'बरं, मग माझे दोन लिहून ठेवा' असं लिहितात.

दुसरं काम नळाचा उगम शोधण्याचं. व्हिडिओ तिच्या खात्यावरचा नव्हता, त्यामुळे कॅप्शन बदलणं किंवा कमेंट वर पिन करणं तिच्या हातात नव्हतं. ते पोस्ट टाकणाराच करू शकतो. तिने त्याला थोडक्यात लिहिलं: नंबर काढून तिथे फॉर्मची लिंक टाका, 'कुठेही पाठवतात' हे काढा आणि माझी ही कमेंट पिन करा. कमेंटचा मजकूर तयार करून सोबत दिला, म्हणजे त्याला विचार करावा लागला नाही. दुपारपर्यंत त्याने तिन्ही गोष्टी केल्या. बहुतेक जण करतात. आपल्या पोस्टमुळे कुणाला त्रास होतोय हे त्यांना ठाऊकच नसतं. तोवर नंबर ज्यांनी उतरवून घ्यायचा त्यांनी घेतला होता, ते सोडून द्यायचं.

या टप्प्यावर एक मोह होतो: आलेल्या सगळ्यांना एकाच फटक्यात एकच मेसेज पाठवावा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी इथे उपयोगाची नाही, कारण तो संदेश फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि हे अनोळखी लोक. मग लोक तोच मजकूर कॉपी करून शेकडो चॅटमध्ये भराभर चिकटवतात. असं वागणं स्पॅमसारखं दिसतं आणि नंबरच बंद होऊ शकतो. ज्या आठवड्यात फोन हेच दुकान आहे त्या आठवड्यात नंबर गेला तर मग काहीच उरत नाही.

ढिगातल्या पहिल्या काहीशे मेसेजमधून आम्ही नजर फिरवली. तारीख आणि संख्या लिहिलेली खरी मागणी शंभरात दहा-बारा जणांची. बाकी किती पडतात, कुठे मिळतात, हात जोडलेले इमोजी, दूरदूरच्या गावांतून 'इकडे पाठवाल का', आणि 'आम्हाला फुकट पाठवा, आम्ही पण व्हिडिओ करू' म्हणणारे. हे बघून तिचा चेहरा जरा सैल झाला. तिला वाटत होतं बाहेर हजार गिऱ्हाईकं उभी आहेत. प्रत्यक्षात शे-सव्वाशे होती, आणि त्यांतली बरीच आठवड्याभरात विसरणार होती.

भट्टी नव्हे, सारण

आता खरा हिशेब. ती म्हणत होती की ओव्हनमध्ये एका वेळी दोन ट्रे, 24 पाव बसतात, आत-बाहेर धरून एका घाण्याला 35 मिनिटं. आठ तास ओव्हन चालवला तर तेरा घाणे, म्हणजे 312 पाव, 52 डबे. मदतनीस आली की झालं. ओव्हनपुरता हा हिशेब चुकीचा नाही. पण घरगुती स्वयंपाकघरात ओव्हन ही क्वचितच सगळ्यात अरुंद जागा असते.

एका पावाला 50 ग्रॅम सारण लागतं. नेहमीच्या 60 पावांना 3 किलो, आणि 312 पावांना साडेपंधरा किलोच्या वर. हे सारण आदल्या रात्री शिजवून गार करायचं असतं, आणि गार करणं ही शिजवण्यापेक्षा अवघड गोष्ट आहे. अमेरिकेच्या एफडीएच्या फूड कोडमधला नियम या कामासाठी चांगला मापदंड आहे: शिजलेलं अन्न 57 अंश सेल्सिअसवरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत यायला हवं, आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. पहिले दोन तास जास्त कडक आहेत, कारण त्या मधल्या तापमानात जंतू सगळ्यात वेगाने वाढतात. काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा त्यातला, आणि मोठ्या भांड्यात शिजवून हळूहळू गार झालेल्या मांसाच्या घट्ट पदार्थांतून होणाऱ्या विषबाधांमागे तो पुन्हा पुन्हा सापडतो. तीन किलो सारण पातेल्यात त्यातल्या त्यात लवकर गार होतं. पंधरा किलोच्या पातेल्याचा मधला भाग मात्र मध्यरात्रीही कोमट राहतो. वरून हात लावला तर गार वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

म्हणून सारण उथळ ट्रेमध्ये पसरायचं, थर 5 सेंटिमीटरच्या आत. तिच्या एका ट्रेमध्ये दीड किलो बसतं. वाफ निघून गेल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचं, पण ट्रेच्या वरून-खालून हवा खेळायला जागा हवी, एकावर एक रचून चालत नाही. घरचं दूध-भाजी एका कप्प्यात सरकवून तिच्या फ्रिजमध्ये असे चार ट्रे मावले. चार ट्रे म्हणजे 6 किलो. 6 किलो म्हणजे 120 पाव. 120 पाव म्हणजे 20 डबे. ओव्हनचे बरोब्बर पाच घाणे, तीन तासांच्या आत.

यातले दोन डबे विकायचे नाहीत. काही पाव फुटतात, एखादा ट्रे कडेला जास्त भाजतो, कुणाचा डबा हातातून पडतो. राहिले अठरा. अठरा डबे ही त्या घराची खरी मर्यादा.

ट्रे आधी बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळले तर सारण लवकर गार होतं, आणि पूर्ण गार झालेलं सारण एका खोल डब्यात भरून ट्रे पुन्हा मोकळे करता येतात, मग दुसरी फेरी का नाही? करता येते. आम्ही ती कागदावर मांडली. दुसरी फेरी संपायला मध्यरात्र उलटते आणि पहाटे पाचला पीठ मळायला उठायचं असतं. चार दिवस सलग असं केलं की पाचव्या दिवशी थर्मामीटर लावायचं राहून जातं. म्हणून तिने दुसरी फेरी ठेवली नाही.

पिठाचीही एक गोम होती. सगळे 120 पाव एकदम भरून ठेवले तर शेवटचा घाणा ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्याला पहिल्यापेक्षा सव्वादोन तास जास्त मिळतात. पीठ जास्त फुगतं, पाव भाजताना बसतो आणि शिवण उघडून सारण बाहेर येतं. पीठ फ्रिजमध्ये ठेवून फुगणं लांबवावं तर भरलेले पाव ठेवायला तिथे मोकळा कप्पा नाही, अजून न भरलेलं सारण तिथेच असतं. शेवटी पीठ तीन वेळा मळायचं ठरलं, मध्ये तासाभराचं अंतर ठेवून. पहिल्याच दिवशी चौथ्या-पाचव्या घाण्यातला फुटका माल जवळजवळ थांबला.

64 जणांचं काय

अठरा हा आकडा हातात आल्यावर शनिवारचे नव्वद डबे किती अशक्य होते ते तिला दिसलं. त्यातही अठराच्या अठरा नव्या लोकांना द्यायचे नव्हते. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी रोज सहा बाजूला काढायचे, असं मी सुचवलं. यावर आमचा थोडा वाद झाला. ती म्हणाली, जुने लोक समजून घेतील. खरं आहे, समजून घेतात, आणि मग दुसरीकडून घ्यायला लागतात, काही न बोलता. लाट ओसरल्यावर मंगळवारी फोन करणारे हेच दहा-पंधरा लोक असतात. शेवटी सहा ठरले. नव्यांना उरले दिवसाला बारा.

64 जणांच्या चॅटला तिने एक लेबल लावलं आणि पहिल्या मेसेजची वेळ पाहून यादी केली. ॲपच्या क्रमावर विसंबायचं नाही. मग प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज, हळूहळू, दोन तासांत. हे लोक आधीच तिच्याशी बोललेले होते आणि उत्तराची वाट पाहत होते, त्यामुळे इथे स्पॅमचा प्रश्न तेवढा नव्हता.

'काल मी तुम्हाला शनिवारसाठी हो म्हटलं, पण माझ्याकडे दिवसाला मोजकेच डबे होतात आणि मी क्षमतेपेक्षा जास्त लोकांना शब्द दिला. क्षमस्व. तुमचं नाव यादीत आहे. शनिवार, रविवार, मंगळवार यांपैकी कोणता दिवस चालेल ते सांगा. उद्या संध्याकाळी सातपर्यंत पैसे आले की ती जागा तुमची. नको असेल तर तसं कळवलंत तरी चालेल.'

या मजकुरात मी दोन गोष्टी मुद्दाम खोडल्या. तिने आधी कारणांचा एक लांब परिच्छेद लिहिला होता, आणि 'भरपाई म्हणून पुढच्या वेळी सूट' असंही. कारणं कुणी वाचत नाही. आणि माल कमी पडतोय त्या आठवड्यात सूट देणं म्हणजे पुढच्या आठवड्यातही गर्दी स्वतःच बोलावणं.

64 पैकी 27 जणांनी पैसे भरले. नऊ जणांनी पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. दोघे चिडले. बाकीचे गप्प. सत्तावीस जणांचे मिळून 35 डबे झाले आणि तीन दिवसांच्या 36 जागांत बसले. आदल्या दिवशी ज्याच्यासाठी ती दुसरा फ्रिज घ्यायला निघाली होती ती मागणी, पैसे मागताच, निम्म्याहून कमी झाली होती.

पैशांबाबत तीन गोष्टी तिने फोनजवळ लिहून चिकटवल्या. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेच्या खात्यात जमा दिसले तरच डबा पक्का. पैसे घ्यायला कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही, तसं सांगणारा चोर. आणि कुणी मोठी ऑर्डर देऊन 'चुकून जास्त पाठवले, फरक परत करा' म्हणाला तर आधी मूळ रक्कम खरंच जमा झालीय का ते पाहायचं. तिसरा प्रकार त्याच आठवड्यात घडला. पन्नास डब्यांची 'ऑफिसची' ऑर्डर होती. खात्यात काहीच आलेलं नव्हतं. दरम्यान तिचेच फोटो लावून कुणीतरी वेगळं खातं उघडून आगाऊ पैसे मागायला लागलं होतं. ते तक्रार करून काढायला वेळ लागला. तोवर स्वतःच्या प्रोफाइलवर 'पैसे फक्त याच नंबरवरून मागते' एवढं लिहून ठेवणं हा त्यातल्या त्यात उपाय होता.

फॉर्म साधा होता: नाव, फोन, तारीख, डबे (जास्तीत जास्त दोन), घ्यायला येण्याची वेळ, कसली ॲलर्जी आहे का. अशा फॉर्ममध्ये एका तारखेच्या जागा भरल्या म्हणून ती तारीख आपोआप गायब होत नाही, आणि शेवटच्या जागेवर दोघं एकदम हात ठेवू शकतात. म्हणूनच 'माझा मेसेज आला की पक्का' हे वाक्य. घ्यायला येण्यासाठी पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा वेळा, प्रत्येकीत तीन डबे. शेजाऱ्यांच्या दारापुढे रांग लागली असती तर पुढची अडचण ग्राहकांकडून नाही, शेजाऱ्यांकडून आली असती.

फेकून दिलेलं सारण

रविवारचं सारण शनिवारी रात्री व्हायचं होतं. दिवसभर दार-फोन-दार करून ती थकलेली. सारण शिजलं, ट्रे धुवायचे राहिले होते, म्हणून तिने ते पातेल्यातच झाकून ओट्यावर ठेवलं आणि 'दहा मिनिटं' आडवी झाली. जाग आली तेव्हा तीन तास उलटून गेले होते. टोकदार थर्मामीटर मधोमध खुपसला तर 38 अंश.

दोन तासांच्या आत लक्षात आलं असतं तर वाचवता आलं असतं. तेच सारण पुन्हा 74 अंशांपर्यंत सगळीकडून गरम करून उथळ ट्रेमध्ये नव्याने गार करता येतं, तेही एकदाच. तीन तासांनंतर नाही. तिने मला फोन करून विचारलं, सकाळी ओव्हनमध्ये एवढं तापणारच आहे, मग काय हरकत? हरकत अशी की काही जंतू वाढताना विष तयार करतात आणि त्यातली काही विषं उष्णतेने जात नाहीत. जंतू मरतील, विष राहील. वासही येत नाही, चवही बदलत नाही. 6 किलो सारण टाकून द्यावं लागलं.

पहिल्या रात्रीसारखी स्थिती असती तर तिने ते टाकलं असतं का, मला शंका आहे. तेव्हा समोर नव्वद डबे आणि कुणाचं काय ठरलंय याचा पत्ता नव्हता. या वेळी समोर अठराच डबे होते. जवळ नावं होती, नंबर होते, पैसे कुणी किती भरलेत ते माहीत होतं. सकाळी सहाला सगळ्यांना एक मेसेज गेला: सारण नीट गार झालं नाही म्हणून आज पाव करत नाही, बुधवारी घ्या किंवा पैसे आजच परत. चौघांनी पैसे परत घेतले. बाकीच्यांसाठी तिने एक दिवस जादा उघडला.

त्यानंतर ओट्यावर एक वही आली: सारण उतरवल्याची वेळ, दोन तासांनंतरचं तापमान, झोपण्याआधीचं तापमान. तीन रकाने, बस्स. त्याच वहीत नंतर चौथ्या रकान्याची भर पडली, तो सामानाचा. मागणी वाढली की नेहमीच्या दुकानातला माल संपतो आणि आपण हाताला लागेल ते दुसरं पाकीट उचलतो. त्या पाकिटात सुकामेव्याचे किंवा तिळाचे अंश असू शकतात. फॉर्मवर ॲलर्जी विचारायची आणि पाकीट मात्र न वाचता उघडायचं, असं झालं तर विचारून उपयोग काय?

लाट ओसरताना

नाराजीच्या कमेंट आल्याच. 'उत्तरसुद्धा देत नाहीत', 'प्रसिद्धी डोक्यात गेली'. तिने प्रत्येकाशी वाद घातला नाही. स्वतःच्या प्रोफाइलवर, सगळ्यांना दिसेल अशा जागी, किती डबे होतात, तारखा कधी उघडतात आणि चॅटवर ऑर्डर का घेत नाही हे चार ओळींत लिहिलं. पुढे बऱ्याचदा ते उत्तर तिच्याऐवजी तिची जुनी गिऱ्हाइकंच देऊ लागली.

किंमत वाढवावी का, हा प्रश्न तिच्या घरच्यांनी रोज विचारला. माझं मत असं की ज्यांना जुन्या दरात शब्द दिलाय त्यांना जुनाच दर. नव्या तारखा उघडताना वाढवायची तर वाढवावी, पण आधी सामान, वीज आणि फेकलेला माल धरून खर्च मांडावा. तिने मांडला. आधीच्या दरात तिच्या स्वतःच्या तासांचा मोबदला जवळजवळ नव्हताच. वाढ त्यासाठी झाली, गर्दीसाठी नाही.

लाट किती उरलीय हे फॉलोअरच्या आकड्यावरून कळत नाही. तो चढतो आणि वरच राहतो. आम्ही दुसरं माप धरलं: तारखा उघडल्यापासून जागा भरायला किती वेळ लागतो. पहिल्यांदा अर्ध्या तासात भरल्या. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण दिवस गेला. पाचव्या आठवड्यात आदल्या संध्याकाळपर्यंत दोन-तीन डबे शिल्लक होते. दुसरं माप त्या सत्तावीस जणांचं: त्यातल्या सहा जणांनी महिन्याभरात पुन्हा मागवलं. बाकीच्यांना पाव आवडले नाहीत असं नाही. त्यांना व्हिडिओत पाहिलेली गोष्ट एकदा चाखायची होती आणि ती चाखून झाली.

या दोन मापांवरून फ्रिजचा निर्णय सोपा झाला. नेहमीचे दहा, त्यात नव्याने टिकलेले चार-पाच, म्हणजे दिवसाला पंधरा. तेवढ्याला चार ट्रे पुरतात. मोठा फ्रिज घेतला नाही. मदतीला मात्र एक बाई ठेवली, आठवड्यातून दोन संध्याकाळी, भांडी आणि ट्रे धुवायला. तिच्या पाहण्यात त्या सगळ्या गोंधळातलं सगळ्यात महागडं सामान न धुतलेले ट्रे होते.